दोनशे ऑड देणगीदार

उभ्या नोकरीत मी इंग्रजीतून जेवढी पत्रं लिहिली, त्यांतल्या एकाही पत्रात हायफन नव्हता आणि त्यावाचून कुणाचं कर्ज अडलं नाही. 'लाँग टर्म डिपॉझिट', 'शॉर्ट टर्म लोन', 'लो कॉस्ट हाउसिंग' असे सगळे शब्द सुटेसुटे उभे असत. बँकेच्या इंग्रजीला तेवढं पुरतं. निवृत्तीनंतर मात्र "तुमचं इंग्रजी छान आहे हो" या एका वाक्याला भुलून मी एका संस्थेचा वार्षिक अहवाल मराठीतून इंग्रजीत करायचं काम अंगावर घेतलं. संस्था एक शाळा आणि एक वृद्धाश्रम चालवते. मोबदला नव्हता. त्यामुळे पुढे जे घडलं त्यापायी माझ्याकडून वसूल करण्यासारखंही काही नव्हतं, ही त्यातल्या त्यात बरी बाब.

भाषांतर झाल्यावर मी ते भाचीला पाठवलं. ती मुंबईत एका इंग्रजी प्रकाशनसंस्थेत संपादक आहे. अभिप्राय हवा म्हणून नव्हे, कौतुक हवं म्हणून पाठवलं होतं. तिचा फोन आला.

"मामा, तुमच्या देणगीदारांत 'स्मॉल बिझनेस ओनर्स' बरेच आहेत असं लिहिलंयस. ते उंचीला कमी आहेत का?"

मी म्हटलं, "उंचीचा काय संबंध? छोट्या छोट्या धंद्यांचे मालक आहेत."

"मग 'स्मॉल-बिझनेस ओनर्स' लिही. 'स्मॉल' आणि 'बिझनेस' यांच्यात हायफन घाल. नाहीतर 'स्मॉल' कुणाला लागू आहे, धंद्याला की मालकाला, ते वाचणाऱ्याने कसं ठरवायचं?"

मला पटेना. मराठीत असला घोळ होत नाही. आपण 'छोट्या धंद्यांचे मालक' म्हणतो आणि 'छोट्या'तला तो 'ट्या'च सांगून टाकतो की हे विशेषण धंद्याचं आहे, मालकांचं नाही. मालकच छोटे असतील तर 'धंद्यांचे छोटे मालक'. इंग्रजीतलं विशेषण बिचारं कधी बदलत नाही. 'स्मॉल'चं ना सामान्यरूप होतं ना अनेकवचन. नामाआधी तीन-चार शब्द रांगेत उभे राहिले की कोण कुणाचं हे कळायला खूण लागते आणि ती खूण म्हणजे ही आडवी रेघ. हे मी तिला मोठ्या विद्वत्तेनं ऐकवलं. ती म्हणाली, "बरोबर. मग घालायची का नाही ती?"

नियम तिने एका दमात सांगितला. लग्नात उपरण्याला आणि शेल्याला गाठ मारतात तसं हे आहे. दोन शब्द मिळून एकच विशेषण होत असेल आणि ते नामाच्या आधी येत असेल, तर त्यांच्यात गाठ. 'अ वेल-नोन ऑथर'. ऑथर वेल नाही, ऑथर नुसता नोनही नाही. दोघं मिळून वेल-नोन. तेच शब्द नामानंतर आले की विधी आटोपला, गाठ सोडायची: 'द ऑथर इज वेल नोन'. तिथे घोळ व्हायला पुढे नामच उरत नाही. 'अ टेन-इयर-ओल्ड गर्ल' म्हणताना तिघांच्या मिळून दोन गाठी, पण 'द गर्ल इज टेन इयर्स ओल्ड' म्हणताना एकही नाही. आणि गंमत म्हणजे गाठीच्या आत 'इयर' एकवचनी राहतो, बाहेर पडला की 'इयर्स' होतो.

तिने एवढंच सांगितलं असतं आणि मी तेवढंच केलं असतं तर हा लेख लिहायची वेळ आली नसती. पण मी दुसऱ्याच दिवशी जाऊन 'शिकागो मॅन्युअल ऑफ स्टाइल' नावाचा ग्रंथराज पाहून आलो. अमेरिकी पुस्तकवाले तो प्रमाण मानतात. त्यात हायफनचा एक तक्ता आहे आणि तो पानामागून पान चालतो. एवढीशी रेघ आणि तिच्यासाठी एवढा पसारा पाहून माझ्यातला जुना हिशेबनीस जागा झाला. घरी येऊन मी अहवालाला हायफन लावायला बसलो.

जिथे दोन शब्द शेजारी दिसले तिथे मी गाठ मारली. 'न्यूली-बिल्ट डायनिंग हॉल'. 'व्हेरी-ओल्ड बिल्डिंग'. 'हाय-स्कूल स्टुडंट्स'. 'इन्कम-टॅक्स सर्टिफिकेट'. 'वी हॅव प्लॅन्ड फॉर द लाँग-टर्म'. अध्यक्षांच्या मनोगतात 'वुई शॅल फॉलो-अप' होतं, तिथे हायफन अध्यक्षांनी स्वतःच घातलेला होता. आपल्याकडच्या कचेऱ्यांतून तो वर्षानुवर्षं घातला जातो, म्हणून मी त्याला नमस्कार करून पुढे गेलो. बायकोने डोकावून पाहिलं आणि म्हणाली, "कीस पडलाय का पानावर?"

भाचीला परत पाठवलं. या वेळी तिने फोन केला नाही, थेट घरी आली. यावरून मी काय ते ओळखायला हवं होतं.

"मामा, 'न्यूली-बिल्ट'मधला हायफन काढ."

"का? नामाच्या आधी आहे. दोन शब्द आहेत. मिळून एक विशेषण आहे."

"आहे. पण 'न्यूली' हे क्रियाविशेषण आहे. शेवटच्या 'ली'वरूनच कळतं की हा शब्द पुढच्या 'बिल्ट'ला टेकलाय. 'न्यूली हॉल' असं काही असू शकतं का? नाही. घोळ होऊच शकत नाही, मग गाठ कशाला? 'व्हेरी'चंही तेच. इथे तोही पुढच्या 'ओल्ड'लाच टेकलाय."

मी उत्साहात लगेच 'ली' शोधून शोधून हायफन उडवायला लागलो आणि पहिलाच झटका 'फॅमिली-ओन्ड' या शब्दाला बसला. देणगीदारांत एक कौटुंबिक मालकीची कंपनी होती. भाचीने माझा हात धरला. 'फॅमिली'च्या शेवटी 'ली' ऐकू येत असला तरी ते नाम आहे, क्रियाविशेषण नव्हे. 'फॅमिली-ओन्ड कंपनी'ला हायफन हवाच. 'फ्रेंडली-लुकिंग'लाही हवा, कारण 'फ्रेंडली' विशेषण आहे. थोडक्यात, शेपूट पाहून जात ठरवायची नाही.

'हाय स्कूल स्टुडंट'ला हायफन का नको, याचं तिचं उत्तर मला जास्त आवडलं. ती म्हणाली, 'हाय स्कूल' हे इतकं मुरलेलं जोडनाम आहे की 'स्टुडंट'ला 'हाय' लागू करायचं कुणाच्या डोक्यातही येत नाही. 'इन्कम टॅक्स'चंही तसंच. गाठ फक्त तिथेच, जिथे माणूस घटकाभर का होईना चुकीच्या वाटेला जाऊ शकतो. 'लाँग-टर्म प्लॅन'मध्ये 'लाँग-टर्म' हे विशेषण आहे, म्हणून हायफन. 'इन द लाँग टर्म' म्हटलं की 'टर्म' हे नाम आणि 'लाँग' हे त्याचं साधं विशेषण, हायफन नको. तसंच 'फॉलो-अप मीटिंग'ला हायफन, पण 'वुई शॅल फॉलो अप'मध्ये ते क्रियापद, तिथे तो चूकच. अध्यक्षांचा असला तरी.

"बरं, 'द प्लॅन इज लाँग टर्म' यात नको ना? नामानंतर आलंय." मी आता शहाणा झालो होतो.

इथे ती जरा घुटमळली. काही जोड्या इतक्या कायमच्या झाल्या आहेत की शब्दकोशच त्यांना हायफनसकट छापतो. 'लाँग-टर्म' त्यांतलीच. पुष्कळ संपादक ती नामानंतरही तशीच ठेवतात. अमेरिकेतल्या वृत्तपत्रांसाठी असोसिएटेड प्रेसचं स्टाइलबुक आहे, ते तर कैक वर्षं सांगत होतं की 'इज'नंतरही हायफन ठेवा, म्हणजे 'द मॅन इज वेल-नोन'. शिकागोवाले म्हणतात सोडा. "एका पुस्तकाला चिकटून राहा," ती म्हणाली, "आणि अहवालभर एकच पद्धत ठेव." ज्या देशातून हे दोन्ही ग्रंथ येतात तिथल्या माणसांचंच एकमत नाही, हे ऐकून मला विलक्षण बरं वाटलं. तेच बरं वाटणं पुढे नडलं.

तिने खुणा करून दिलेली प्रत मी दुरुस्त केली, पण एक ठिकाण तिच्या नजरेतून निसटलं होतं आणि मी आपल्या अकलेने सजवलं होतं. मूळ मराठी वाक्य होतं, 'आम्हांला आणखी अनुभवी शिक्षक हवे आहेत.' मी लिहिलं होतं, 'वी नीड मोअर-एक्सपिरियन्स्ड टीचर्स.' अहवालाची कच्ची प्रत सगळ्या खात्यांकडे फिरली आणि संध्याकाळी मुख्याध्यापिकाबाई आमच्या दारात.

"सर, आमच्या शिक्षकांना अनुभव कमी आहे असं म्हणायचंय का तुम्हाला?"

बाई पूर्वी इंग्रजी शिकवत, हे मला तेव्हा कळलं. हायफन घातल्यामुळे 'मोअर' हा शब्द 'एक्सपिरियन्स्ड'ला जाऊन चिकटला होता आणि अर्थ झाला होता, 'आहेत त्यांच्यापेक्षा जास्त अनुभव असलेले शिक्षक हवेत.' आम्हाला हवे होते ते संख्येने आणखी, अनुभवी असलेले शिक्षक. 'मोअर', 'मोस्ट', 'लेस' यांच्यापुढे सहसा हायफन घालत नाहीत, आणि घातलाच तर तो असा बोलतो. हायफन काढला असता तरी वाक्य दोन्हीकडे पाय ठेवून उभंच राहिलं असतं, कारण मुळातल्या 'आणखी अनुभवी'मध्येही हीच फट आहे. सुटायचं असेल तर एकच मार्ग, 'अॅडिशनल' किंवा असाच दुसरा शब्द घ्यायचा. बाईंना मी हे सगळं समजावून सांगायला गेलो. त्या म्हणाल्या, "म्हणजे आमच्यातल्या निम्म्यांचा अनुभव कमी आहे, असं?" बायकोने मध्ये पडून चहा आणला.

बाई गेल्यावर मी मनाशी ठरवलं की सगळ्या अनर्थाचं मूळ ही रेघ आहे. त्यात मला कुठेसं वाचलेलं आठवलं की 'शॉर्टर ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरी'च्या 2007 सालच्या सहाव्या आवृत्तीतून सुमारे 16,000 हायफन काढून टाकले. ही बातमी खरी आहे. म्हणजे ऑक्सफर्डने एका झटक्यात 16,000 काढले आणि मी पुण्यात बसून चाळीस पानांत एकेक रोवतोय! वेडा की खुळा?

मी फाइल उघडली, Ctrl+H दाबलं, वरच्या चौकटीत हायफन टाकला, खालच्या चौकटीत मोकळी जागा टाकली आणि Replace All वर टिचकी मारली. किती ठिकाणी बदल केला याचा आकडा वर्डने दाखवला. तो वाचून मला हलकं हलकं वाटलं. मग 'अॅडिशनल' घालून बाईंचं वाक्य दुरुस्त केलं आणि फाइल छापखान्याकडे रवाना केली. भाचीला विचारायची गरज वाटली नाही. ऑक्सफर्डच माझ्या बाजूने होतं.

पाचशे प्रती छापून आल्या. पहिलं लक्ष मुखपृष्ठाकडे गेलं. 'ॲन्युअल रिपोर्ट 2023 24'. आत संस्थेचा फोन नंबर मधूनच तुटलेला. एवढ्यावर भागलं असतं तर मी छापखान्याचं नाव पुढे केलं असतं.

भाची म्हणाली, "मामा, ऑक्सफर्डने काढले ते बहुतेक जोडनामांतले. 'आइस-क्रीम'चं 'आइस क्रीम' केलं, 'फिग-लीफ'चं 'फिग लीफ', 'बम्बल-बी'चे दोन्ही शब्द जोडूनच टाकले. नामाआधी जे शब्द मिळून विशेषण होतात, त्यांना हात लावला नव्हता."

हे मला आता सांगून काय उपयोग, असं मी म्हणणार होतो. पण मी विचारलंच कुठे होतं?

खरा फटका वृद्धाश्रमाच्या पानावर बसला. तिथे आवाहन होतं: रात्रपाळीसाठी बाहेरून परिचारिका बोलवाव्या लागतात, तासाला दीडशे रुपये पडतात आणि महिन्याला चार-चार तासांच्या वीस पाळ्या होतात. संपूर्ण महिन्याचा भार एखाद्या देणगीदाराने उचलावा. शंभरपर्यंतचे आकडे अक्षरी लिहावेत असं त्या शिकागोच्या पुस्तकात असल्यामुळे मी लिहिलं होतं, 'ट्वेन्टी फोर-अवर शिफ्ट्स'. वीस शिफ्ट, प्रत्येकी चार तास, एकूण 80 तास, म्हणजे 12,000 रुपये. बरोबर होतं. Replace All नंतर उरलं 'ट्वेन्टी फोर अवर शिफ्ट्स'. आता वाचणाऱ्याने 'ट्वेन्टी-फोर अवर शिफ्ट्स' असं जोडून वाचलं, तर एकेक तासाच्या चोवीस पाळ्या होतात. 24 तास, म्हणजे 3,600 रुपये. आणि 'ट्वेन्टी-फोर-अवर शिफ्ट्स' असं तिन्ही बांधून वाचलं, तर अख्ख्या दिवसरात्रीच्या पाळ्या होतात, पण किती ते सांगितलेलंच नाही. शब्द तेच चार, क्रम तोच, एका रेघेच्या जागेवर तीन निरनिराळे हिशेब.

एका सद्गृहस्थांचा 3,600 रुपयांचा धनादेश आला. सोबत पत्र होतं, 'एका महिन्याचा संपूर्ण भार.' खजिनदारांनी तो माझ्यासमोर टेबलावर ठेवला आणि काही न बोलता 8,400 हा आकडा कागदावर लिहून दाखवला. कर्जवसुलीत मीही लोकांना असाच आकडा लिहून दाखवत असे, तेव्हा तक्रार करायला तोंड नव्हतं.

भाचीचं म्हणणं, अशा ठिकाणी हायफनच्या भरवशावर राहूच नये. एक संख्या आकड्यात आणि दुसरी अक्षरात लिहावी, '20 फोर-अवर शिफ्ट्स', म्हणजे दोन आकडे एकमेकांत शिरत नाहीत. शिकागोवालेही तशी सूट देतात म्हणे. नाहीतर सरळ 'ट्वेन्टी शिफ्ट्स ऑफ फोर अवर्स ईच' लिहावं. हायफन डोळ्यांना दिसतो, पण फोनवर वाचून दाखवला तर ऐकू येत नाही. आमच्या कित्येक वयस्क देणगीदारांना त्यांच्या नातवंडांनी अहवाल वाचून दाखवला असणार, हे तिने सांगेपर्यंत माझ्या लक्षातही आलं नव्हतं.

एवढ्यात टपालाने आणखी एक पत्र आलं. एका निवृत्त इंग्रजीच्या प्राध्यापिकाबाईंचं. त्या दरवर्षी संस्थेला देणगी देतात. पत्राखाली सही होती आणि सहीच्या वर लिहिलं होतं, 'आपली एक ऑड देणगीदार'.

मी अहवालाचं तेरावं पान उघडलं. स्नेहमेळाव्याचा वृत्तांत होता. माझं मूळ वाक्य होतं, 'मेळाव्याला दोनशेच्या वर देणगीदार उपस्थित होते', त्याचं इंग्रजी मी केलं होतं '200-ऑड डोनर्स'. आकड्याला हायफनने जोडलेला 'ऑड' म्हणजे 'आणि वर काही'. हायफन गेला की 'ऑड' सुटतो आणि थेट पुढच्या डोनर्सना जाऊन लागतो. छापलेला मजकूर होता, '200 ऑड डोनर्स अटेंडेड'. दोनशे विक्षिप्त देणगीदार मेळाव्याला आले होते. खाली त्यांचा सामुदायिक फोटो. फोटोत पहिल्या रांगेत प्राध्यापिकाबाई, आणि त्यांच्या शेजारी एक गृहस्थ नेमके त्याच क्षणी तोंड वाकडं करून शिंकत होते.

कार्यकारिणीची तातडीची सभा झाली. पुन्हा पाचशे प्रती छापायला पैसे नव्हते, त्यातले 8,400 तर आधीच कमी पडलेले. शेवटी ठरलं की शुद्धिपत्राची चिठ्ठी छापून तेराव्या पानावर चिकटवायची. मजकूर मीच लिहिला. अतिशय काळजीपूर्वक. '200 ऑड डोनर्स'च्या जागी '200-ऑड डोनर्स' असं वाचावं. हायफन मी स्वतः मोजून एकच घातला, योग्य जागी घातला, आणि छापखान्यात उभं राहून तो तिथेच आहे याची खात्री करून घेतली.

चिठ्ठी अरुंद होती. ओळ नेमकी '200-'पाशी संपली आणि 'ऑड डोनर्स' खालच्या ओळीत गेले. आता ओळीच्या शेवटी असलेला हायफन हा ओळ तोडायला घातलेला आहे की शब्द जोडायला, हे जगातला कोणीही वाचक सांगू शकणार नाही. त्यासाठी वर्डमध्ये Ctrl+Shift+Hyphen दाबून न तुटणारा हायफन घालता येतो, तो घातला की आकडा आणि 'ऑड' दोघेही एकदमच खालच्या ओळीत उतरतात. हे मला पाचशे चिठ्ठ्या चिकटवून झाल्यावर समजलं. बोटांना डिंक होता म्हणून फोन बायकोने कानाला लावून धरला.

"मामा," भाची म्हणाली, "'मोअर दॅन टू हंड्रेड डोनर्स' लिहिलं असतंस तर? हायफनचा प्रश्नच आला नसता."

"मग हे तू पहिल्याच दिवशी का नाही सांगितलंस?"

"तू हायफनबद्दल विचारलं होतंस."